बाकांवरचा निर्देशकांचा खेळ मुलांना जमतो, पण आलेख कागदावर तीच मुलं का चुकतात?

प्रश्न: मी सातवी-आठवीला गणित शिकवते. मुलांच्या बसण्याच्या जागांना (रांग, ओळ) असे क्रमांक देऊन निर्देशकांचा खेळ घेते. वर्गात सगळे बरोबर उभे राहतात, पण आलेख कागद हातात दिला की बिंदू भलतीकडेच जातात. काय बदलू?

उत्तर:

ताई, आधी एक विचारतो. आरंभबिंदू, म्हणजे (0, 0), तुम्ही वर्गाच्या कोणत्या कोपऱ्यात धरता? बहुतेक जण पुढच्या रांगेपासून मोजतात, कारण हजेरीही तिथूनच सुरू होते आणि शिक्षक तिथेच उभे असतात. मीही तसंच करत होतो. यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तीस मुलांचा वर्ग होता, सगळे खाली फरशीवर बसायचे, एका रांगेत सहा जण, अशा एकामागे एक पाच रांगा. मुलांच्या डाव्या हाताचा पुढचा कोपरा मी आरंभबिंदू धरला होता. एक्स उजवीकडे वाढायचा आणि वाय मागच्या भिंतीकडे.

एके दिवशी फळ्यावर (1, 4), (1, 3), (1, 2), (1, 1), (2, 1) हे पाच बिंदू मांडले. जोडल्यावर त्यांचा सरळ इंग्रजी एल होतो. मग याच पाच जागांवरच्या मुलांना उभं केलं आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांना विचारलं, फळ्यावर आहे तेच दिसतंय का? एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, हाई उलटं शे." तिचं बरोबर होतं. तिच्या जागेवरून एलचा पाय वर गेला होता आणि दांडा खाली आला होता. मी फळ्यापाशी उभा होतो, मला वेगळंच दिसत होतं: दांडा सरळ, पण पाय उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे. आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना, आणि दोघांनाही फळ्यावरची आकृती वर्गात सापडत नव्हती.

कारण असं की आलेख कागदावर एक्स उजवीकडे आणि वाय वर जातो. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलाच्या दृष्टीने "वर" म्हणजे पुढे, फळ्याच्या दिशेने. मी वाय नेमका उलट दिशेला नेला होता. एक अक्ष उलटला आणि दुसरा तसाच राहिला की आकृती आरशातल्यासारखी होते, आणि अशी आकृती कागद कसाही फिरवला तरी वर्गाशी जुळत नाही. मुलांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. शेवटी एकाने तो उलटा करून खिडकीच्या उजेडाला धरला तेव्हा कुठे जुळला. ज्या मुलाला वर्गातली आपली जागा पक्की ठाऊक आहे, ते कागदावर डोळ्यांवर विश्वास ठेवून बिंदू मांडेल तर चुकणारच. तुमची मुलं चुकतात त्यामागे हे असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

उपाय सोपा आहे. आरंभबिंदू मागच्या रांगेत, मुलांच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात न्या. एक्स त्यांच्या उजवीकडे, वाय फळ्याकडे. आणि खेळ चालू असताना तुम्ही स्वतः वर्गाच्या मागे जाऊन उभ्या राहा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मुलांकडे तोंड करून "उजवीकडे दोन" म्हणताना आपला हात नकळत आपल्या उजवीकडे जातो, आणि ती मुलांची डावी बाजू असते. मागून बोलायला लागलं की शिक्षक, मुलं आणि फळा यांची उजवी बाजू एकच होते. मग पुन्हा तोच एल उभा करून बघा. एलच घ्या, चौकोन नको. चौकोन आरशात पाहिला तरी चौकोनच दिसतो, त्यामुळे चूक लपून राहते.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मुलं बसलेल्यांची डोकी मोजतात आणि पहिल्यालाच "एक" म्हणतात. मग (0, 3) वर बसलेला मुलगा म्हणतो, "सर, मला एक्सच नाही." मी नियम केला की मुलं मोजायची नाहीत, उड्या मोजायच्या. प्रत्येकाने आरंभबिंदूवरच्या मुलाशेजारी येऊन उभं राहायचं, आधी उजवीकडे एक्सइतक्या उड्या, मग पुढे वायइतक्या. (0, 3) ला उजवीकडे उडीच नाही, सरळ पुढे तीन. शून्य म्हणजे जागा नाही असं नव्हे, त्या दिशेला हललो नाही एवढंच. हे पायांनी एकदा केलं की सांगावं लागत नाही.

क्रमाची अदलाबदल पकडायची तर जोड्या नीट निवडाव्या लागतात. मी फळ्यावर जोडी लिहितो, तोंडाने काही बोलत नाही, आणि ज्याची जागा असेल त्याने उभं राहायचं. (3, 1) लिहिल्यावर कधी दोन जण उभे राहतात, एक (3, 1) चा आणि दुसरा (1, 3) चा, आणि मग दोघं आपापल्या उड्या मारून दाखवतात. पण माझ्या वर्गात (5, 1) लिहिलं तर गोंधळणारं कुणी उभंच राहत नाही, कारण वाय 4 च्या पुढे जातच नाही, (1, 5) ही जागाच नाही. (2, 2) तर काहीच सांगत नाही. म्हणून दोन्ही आकडे 0 ते 4 मधले आणि एकमेकांपासून वेगळे असे घ्यायचे.

आता कागदावरची खरी अडचण. दिशा सुधारल्यावरही माझ्याकडे अर्ध्या मुलांनी बिंदू चौकटीच्या आत मांडले. तेही साहजिक होतं. ती एकेका फरशीवर बसली होती, तेव्हा त्यांच्या लेखी जागा म्हणजे चौकट. नकाशाच्या जाळीवर किंवा बुद्धिबळाच्या पटावर चौकटीलाच नाव असतं, ते चूक नाही. पण आलेख कागदावर नाव असतं दोन रेषा कापतात त्या बिंदूला. या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि बाकांचा खेळ मुलाला नकळत पहिली शिकवतो.

हे समजावायला मला खानदेशातल्या शेताइतकं चांगलं काही सापडलं नाही. मुलांच्या घरी कापूस असतो. चौफुलीची लागवड त्यांनी पाहिलेली नसली तर आजोबांनी सांगितलेली असते: आधी उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, आणि रेघांची फुली पडते तिथे सरकी टोबायची. सरकी चौकटीच्या मधोमध पडत नाही, फुलीवर पडते. केळीच्या बागेतही तसंच, पाच बाय पाच फुटांवर खोडं, आणि खोड उभं असतं ते रेघांच्या फुलीवर. मी मुलांना मैदानात नेलं, फक्कीने उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि म्हटलं, आता प्रत्येक जण सरकी आहे, आपापल्या फुलीवर उभे राहा. फक्कीच्या रेघेवर पाय आला की "मी चौकटीत आहे" म्हणायला जागा उरत नाही. वर्गात परत आल्यावर एक सेंटिमीटरच्या चौकटींच्या कागदावर आधी फुली काढायची, मग तिच्यावर टिंब द्यायचं, असं सांगितलं. पहिल्याच दिवशी चौकटीत टिंब मांडणारे तीन-चार जण उरले.

मुलाला चौकट कळली आहे की बिंदू, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो. मैदानातल्या जाळीवर विचारा: (2.5, 1) कुठे? चौकटीच्या हिशोबात अडकलेलं मूल म्हणतं, अशी जागाच नाही, तिथे कुणी बसत नाही. बिंदू कळलेलं मूल (2, 1) आणि (3, 1) च्या बरोबर मध्ये रेघेवर जाऊन उभं राहतं. बाकांवर हा प्रश्न विचारताच येत नाही, तिथे पूर्ण संख्यांपलीकडे काही नाही. म्हणून मी बाकांचा खेळ दोन-तीन तासिकांपेक्षा जास्त ताणत नाही.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला घरचे जातात आणि वर्गात जागा रिकाम्या दिसतात. तेव्हा मुलांना सरकवून रांगा भरू नका. त्याच दिवशी फळ्यावर रिकाम्या जागेची जोडी लिहा. कुणीच उभं राहत नाही, आणि मग सगळे मिळून बोट दाखवतात. निर्देशक जागेचे असतात, मुलाचे नसतात, हे त्या दिवशी जितकं स्पष्ट होतं तितकं इतर दिवशी होत नाही.

ऋण संख्या सहावीत झालेल्या असतात, तर चारही चरण याच वर्गात बघता येतात. कुणालाही जागेवरून हलवू नका, फक्त आरंभबिंदू हलवा. माझ्या वर्गात (3, 2) वरच्या मुलीला मी म्हटलं, आजपासून तू (0, 0). बाकीच्यांनी आपल्या जुन्या एक्समधून 3 आणि वायमधून 2 वजा करून नवी जोडी पाटीवर लिहायची. (1, 4) चा मुलगा (-2, 2) झाला. एलचे पाच जण पुन्हा उभे केले: (-2, 2), (-2, 1), (-2, 0), (-2, -1), (-1, -1). आकडे सगळे बदलले, एल जागचा हलला नाही.

मग एकेका चरणाचं नाव घेऊन हात वर करायला सांगा. तीसपैकी पहिल्या चरणात 4, दुसऱ्यात 6, तिसऱ्यात 6, चौथ्यात 4, असे वीसच हात येतात. अक्षांवरच्या दहा जणांपैकी कुणी हात वर केला तर त्याला थांबवा आणि विचारा, तुझ्या जोडीत शून्य कुठे आहे? नववीच्या निर्देशक भूमितीत "अक्षावरचा बिंदू कोणत्याही चरणात नसतो" हे वाक्य पाठ करावं लागतं. माझ्या त्या वर्गातल्या (0, -1) वरच्या मुलाने मात्र तेव्हाच हात खाली घेऊन सांगितलं होतं, "सर, मी तर रेघेवर आहे."