हीट मोडवर लावूनही एसी थंडच हवा देतो, गॅस भरायचा का?

प्रश्न: नागपुरात राहतो. दीड टनाचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. मागच्या हिवाळ्यात मस्त गरम हवा यायची. या वर्षी रिमोटवर हीट लावलं की ब्लोअर बराच वेळ बंदच राहतो, मग थंडगार झुळूक येते. कूलिंग एकदम जोरात आहे. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झाला, भरावा लागेल. भरू का?

उत्तर: नका भरू, भाऊ. निदान आत्ता तरी नाही. कूलिंग जोरात आहे हे तुम्हीच लिहिलंय. गॅस कमी असता तर आधी मे महिन्यात बोंब झाली असती. नागपूरच्या ४५ डिग्रीत अर्धवट गॅसचं मशीन खोली थंड करूच शकत नाही. गॅस कमी असलेलं मशीन हीटवर कोमट हवा देतं, थंड नाही. तुमच्याकडे हीटवर थंड येतंय, म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय, गॅस फिरतोय, फक्त उलट्या दिशेने फिरतोय. ही दिशा बदलण्याचं काम आउटडोअरमधला फोर-वे व्हॉल्व्ह करतो आणि माझा संशय त्याच्यावरच आहे.

खात्री करायला कव्हर उघडायची गरज नाही. रिमोटवर हीट आणि ३० डिग्री लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि आउटडोअरजवळ जा. बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह दिसतील, एक जाड पाइपचा, एक बारीक. जाड पाइपच्या व्हॉल्व्हला बोट लावा, पण अलगद, कारण हीटिंग नीट चालू असेल तर तो चटका देण्याइतका तापतो. तो गार असेल, त्यावर पाणी सुटलं असेल आणि आउटडोअरच्या पंख्यातून कोमट वारा येत असेल, तर मशीन हीटच्या नावाखाली कूलिंगच करतंय. एवढं पाहिलं की लगेच बंद करा. आउटडोअरवर साचलेला बर्फ वितळवताना, म्हणजे डीफ्रॉस्टच्या वेळी, मशीन स्वतःहून थोडा वेळ कूलिंगकडे वळतं, पण तेव्हा आउटडोअरचा पंखा थांबलेला असतो आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत ते फारसं होतही नाही.

आता हा व्हॉल्व्ह आतून कसा असतो ते कळलं की मेकॅनिकशी बोलणं सोपं जाईल. आडवी नळी समजा. तिच्या एका अंगाला एकच पाइप असतो, त्यातून कॉम्प्रेसरचा गरम गॅस आत येतो. दुसऱ्या अंगाला तीन पाइप. त्यातला मधला नेहमी कॉम्प्रेसरकडे परत जातो, कडेच्या दोनपैकी एक आउटडोअर कॉइलकडे आणि एक इनडोअरकडे. नळीत उलट्या वाटीसारखा एक स्लाइडर सरकतो. तो मधल्या पाइपला कडेच्या एका पाइपशी जोडतो. उरलेला पाइप उघडा राहतो आणि गरम गॅस तिकडे जातो. वाटी इनडोअरच्या बाजूला असली की कूलिंग, आउटडोअरच्या बाजूला सरकली की हीटिंग.

ही वाटी वीज सरकवत नाही. व्हॉल्व्हवर बसलेली छोटी कॉइल फक्त एका चिमुकल्या पायलट व्हॉल्व्हची पिन हलवते. पायलटमधून केसासारख्या बारीक कॅपिलरी नळ्या मोठ्या व्हॉल्व्हच्या दोन्ही टोकांना गेलेल्या असतात. ज्या टोकाचं प्रेशर उतरतं, तिकडे गॅसच स्लाइडरला ढकलतो. म्हणून कॉम्प्रेसर चालू नसताना नुसती कॉइलला वीज देऊन व्हॉल्व्ह फिरत नाही. आणि गॅस अगदीच संपत आला असेल तर ढकलायला प्रेशरच उरत नाही. मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य असेल तर एवढंच, पण मग तुमचं कूलिंगही मेलेलं असतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक स्प्लिटमध्ये कॉइलला वीज फक्त हीटवर मिळते. वीज नाही म्हणजे कूलिंग. म्हणजे वायर सुटली, कॉइल जळली किंवा बोर्डावरचा रिले गेला, तरी लक्षण हेच दिसणार, आणि व्हॉल्व्ह बिचारा ठणठणीत असणार. म्हणून गॅसला हात लावायच्या आधी विजेची बाजू तपासायची. हा क्रम मी कधी बदलत नाही, कारण कॉइल काही शे रुपयांत येते आणि दहा मिनिटांत बसते. व्हॉल्व्ह बदलायला अख्खा दिवस जातो.

तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्या. इन्व्हर्टर बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर करंट दबा धरून बसलेला असतो. मशीन हीटवर, कॉम्प्रेसर चालू, आणि बोर्डावरच्या फोर-वेच्या कनेक्टरवर मीटर लावायचा. सप्लाय दिसत नसेल तर दोष बोर्डाचा किंवा इनडोअरकडून येणाऱ्या सिग्नलचा. सप्लाय आहे, तर सगळं बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स बघायचा. साधारण हजार-दोन हजार ओहमच्या आसपास काहीतरी दाखवायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली. एक सांभाळा: चालू सप्लायवर कॉइल व्हॉल्व्हवरून उपसून हातात धरून बघायची सवय काही जणांना असते. आत लोखंडी पिन नसली की एसी करंटवर चालणारी ही कॉइल जास्त करंट ओढते आणि बघता बघता जळते. एक दोष शोधायला गेले आणि दुसरा करून आले.

कॉइल खरंच पिन उचलते का, हे मॅग्नेटने कळतं. कनेक्टर सोडवून कॉइल काढायची आणि कॉम्प्रेसर चालू असताना तिच्या जागी जोरदार गोल मॅग्नेट बसवायचा. बारीक ‘टक्’ ऐकू येते ती पायलटची. त्यामागोमाग गॅसचा मोठा ‘फुस्स’ आवाज आला आणि जाड पाइप गरम व्हायला लागला, तर व्हॉल्व्ह चांगला, दोष विजेचा. टक् आली, फुस्स आलं नाही, तर मात्र स्लाइडर अडकलाय किंवा कॅपिलरी बुजलीय.

गेल्या जानेवारीत त्रिमूर्ती नगरातल्या एका फ्लॅटमध्ये अगदी हेच होतं. घरात लहान बाळ, पहाटेचा पारा दहाच्या खाली, आणि आधी येऊन गेलेल्याने गॅस ‘टॉप अप’ करून पैसे नेलेले. कनेक्टरवर सप्लाय २३० व्होल्ट, कॉइल चौदाशे ओहम, मॅग्नेटने टक् स्पष्ट, पण पुढे काहीच नाही. मग कूलिंगवर चालवून आउटडोअरच्या जाळीवर पुठ्ठा धरला. प्रेशर चढल्यावर हीटवर टाकलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने व्हॉल्व्हच्या टोकाला हलकेच ठोकलं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला फुस्स झालं आणि पाइप तापला. इथे हातोडी घेतली की संपलं. नळीचा पत्रा पातळ असतो, जरा पोचा आला की स्लाइडर कायमचा रुतला. पुठ्ठ्याचं कामही करंट दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरवर डोळा ठेवून, मिनिटभरच करायचं. घरी करून बघू नका.

ते मशीन चार दिवस चाललं आणि परत अडकलं. ठोकून सुटलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा असाच वागतो, म्हणून तो फिरला की मी ग्राहकाला काम झालं असं सांगत नाही, व्हॉल्व्ह मागवायला सांगतो. जुना काढून मी आरीने कापून बघितला. वाटीच्या कडेला आणि तिला ढकलणाऱ्या पिस्टनच्या बारीक भोकात काळ्या पापुद्र्यांचा चुरा चिकटला होता. नखाने उकरला तर भुकटी झाली. बसवताना भिंतीतल्या पाइपला जोड दिला होता आणि नायट्रोजन न सोडता गॅस-गनने ब्रेझिंग केलं होतं. तांबं आतून जळून त्याचे पापुद्रे सुटतात आणि फिरत फिरत इथे येऊन बसतात. त्यात नागपूरचा एसी वर्षातले दहा महिने कूलिंगवरच असतो. वाटी एका जागी बसून राहते आणि कचरा तिच्याभोवती साचतो.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर मेकॅनिकची पारख एका वाक्यात होते. तो ‘गॅस आउटडोअरमध्ये पंप डाऊन करतो आणि व्हॉल्व्ह काढतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पंप डाऊनने गॅस आउटडोअरमध्येच साठतो, आणि व्हॉल्व्हही तिथेच आहे. सगळा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढावा लागतो. तुमच्या मशीनमध्ये आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे उरलासुरला गॅस नायट्रोजनने बाहेर काढल्याशिवाय टॉर्च पेटवायचाच नाही. नवा व्हॉल्व्ह लावताना त्याच्या अंगावर ओलं फडकं गुंडाळायचं, कारण आतली वाटी नायलॉनसारख्या प्लास्टिकची असते आणि अंग १२० डिग्रीच्या वर गेलं की ती वाकते. मग नवाकोरा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून आतून गळतो. जोड करताना पाइपमधून नायट्रोजन वाहता ठेवायचा, नाहीतर तेच पापुद्रे परत तयार. नंतर प्रेशर टेस्ट, व्हॅक्युम पंपाने मीटरवर ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्युम, आणि आउटडोअरच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर मोजून. अंदाजाने भरलेला नको.

काम झाल्यावर त्याच्यासमोरच हीट, कूल, परत हीट असं फिरवून बघा आणि दर वेळी जाड व्हॉल्व्हला हात लावा. बिल देण्याआधी वॉरंटी कार्डही वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षं म्हणजे या व्हॉल्व्हची दहा वर्षं असं नसतं, पण बोर्ड गेला असेल तर त्याची वॉरंटी वेगळी लिहिलेली असू शकते.

तोवर हीट मोड लावू नका. हीटवर ब्लोअर इनडोअरची कॉइल तापायची वाट बघत थांबतो, इकडे तीच कॉइल गोठत जाते आणि न उकळलेला गॅस कॉम्प्रेसरकडे परततो. त्यात कॉम्प्रेसर गेला तर व्हॉल्व्हचा खर्च किरकोळ वाटेल. आठवडाभर साधा रूम हीटर चालवा. आणि दुरुस्तीनंतर पावसाळ्यात, बाहेर गारवा असलेल्या एखाद्या रात्री, दहा मिनिटं हीट लावून वाटी हलवत जा. उन्हाळ्यात मात्र हा प्रयोग नको, प्रेशर चढून मशीन ट्रिप होईल.