अकरा वर्षांनंतर पुन्हा हिशेबाच्या कामाकडे

"नमस्कार. मी लातूरची. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं एका करसल्लागाराच्या ऑफिसात हिशेब पाहायचे. टॅली, व्हॅट, बँकेचा मेळ सगळं यायचं. २०१४ मध्ये मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून काम सोडलं. आता मुलगी सहावीत आहे. घरात सगळे म्हणतात, 'तू काय, घरीच असतेस.' शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे 'काही नाही' असं मिस्टरांनीच लिहिलं. आता मलाही वाटतं, माझी खरंच काही किंमत उरली नाही. पुन्हा काम मिळेल का?"

ताई, फॉर्मवर 'गृहिणी' लिहायला हवं होतं. ते तुम्ही मिस्टरांना सांगा, शांतपणे पण सांगाच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला आणि पुरुषांचा ९७. अपघाताच्या भरपाईत गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. घरात बोलताना हे आधाराला घ्या. पण मोंढ्यातला व्यापारी या आकड्यावर पगार ठरवणार नाही. त्याच्यासाठी तुम्हाला वेगळा हिशेब मांडावा लागेल.

तुमच्या शिक्षणाचे दोन थर आहेत. खालचा थर म्हणजे जमा-नावे, खतावणी, रोकड, बँकेचा मेळ, उधारीची यादी. तो शाबूत आहे. टॅलीचं आता टॅलीप्राइम झालं आणि पडद्याची मांडणी बदलली, पण F5 ला पेमेंट, F6 ला रिसीट, F8 ला विक्री, F9 ला खरेदी हे तसंच आहे. आठवडाभरात बोटांना सवय होईल. वरचा थर कराचा होता, तो मात्र पूर्ण बदलला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि तुम्हाला येणारा व्हॅट बहुतेक धंद्यांतून गेला. मुलाखतीत 'सगळं विसरले' असं म्हणू नका, ते खरं नाही. 'हिशेब येतो, जीएसटी शिकून घेतला आहे' एवढं म्हणता येईल, अशी तयारी करायची.

त्यासाठी सहा महिन्यांचा महागडा कोर्स लागत नाही. नोकरीत खरं अडतं ते एकाच ठिकाणी: खरेदीवर भरलेला कर परत मिळवण्यात. व्यापाऱ्याच्या पुरवठादाराने मागच्या महिन्याच्या विक्रीचं विवरण, म्हणजे GSTR-1, ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. त्यावरून १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर व्यापाऱ्याच्या खरेदीच्या बिलांची यादी, म्हणजे GSTR-2B, तयार होते. त्यात जी बिलं दिसतात त्यांचाच कर विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. मग दरमहा विवरण भरणाऱ्याने २० तारखेपर्यंत कराच्या गोषवाऱ्याचं विवरण, म्हणजे GSTR-3B, भरायचं. म्हणजे दुकानातली खरेदीची खतावणी आणि GSTR-2B हे दोन कागद शेजारी ठेवून जुळवणं, हेच मुख्य काम. बँकेचा मेळ घालणाऱ्या बाईला ते परकं नाही.

बिल दुकानात आहे पण 2B मध्ये दिसत नाही, याची कारणं नेहमीची आहेत. पुरवठादाराने उशिरा भरलं, तर ते पुढच्या महिन्यात येतं. तो छोटा असेल आणि तिमाही विवरण भरत असेल, तर तिमाही संपेपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याने जीएसटी नंबर चुकीचा टाकला असेल, तर बिल भलत्याच्याच खात्यात गेलेलं असतं आणि फोन करून दुरुस्त करून घेतल्याशिवाय ते येत नाही. आपल्या भागात आणखी एक चूक फार होते. उदगीरकडचा व्यापारी बिदरहून माल आणतो, नांदेडकडचा तेलंगणातून. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे पाहा: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगण. २९ किंवा ३६ वाल्याकडून दुकानात आलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो. नोंदीत सवयीने राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी टाकला, की दोन्ही कागदांचा मेळ बसत नाही. याउलट, मालक खरेदीला गेला आणि हैदराबादच्या हॉटेलात राहिला, तर बिलावर तेलंगणाचाच सीजीएसटी-एसजीएसटी असतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या दुकानाला तो वजा करता येत नाही. हे दोन्ही नीट ओळखणारा माणूस मालकाला हवाच असतो.

सरावासाठी टॅलीप्राइमची शिकण्याची आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. ओळखीच्या दुकानदाराकडून एका महिन्याची बिलं मागून घ्या आणि त्या नोंदी करा. करदर मात्र जुन्या पुस्तकातून पाठ करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले आहेत.

आता किंमत. महिन्याला २५० विक्रीची बिलं, ६० खरेदीची आणि बँकेच्या १२० ओळी असलेलं एक दुकान धरू. घड्याळ लावून पाहा. विक्रीच्या बिलाला दीड मिनिट लागलं तर ३७५ मिनिटं, खरेदीच्या बिलाला तीन मिनिटं तर १८०, बँकेची ओळ मिनिटाला एक तर १२०, आणि 2B जुळवायला दीड तास. बेरीज ७६५ मिनिटं, म्हणजे पावणेतेरा तास. समजा तासाचे दीडशे रुपये धरले, तर महिन्याचे सुमारे एकोणीसशे होतात. दीडशे हा आकडा उदाहरणापुरता आहे. लातुरात चालणारा दर दोन करसल्लागारांकडे आणि दोन दुकानांत विचारून ठरवा. पण मिनिटं तुमचीच मोजलेली असू द्या. 'तुम्ही द्याल ते' म्हणणाऱ्या बाईला फार थोडे पैसे मिळतात आणि काम वाढत जातं. सुरुवातीला तुमचा वेग निम्मा असेल. त्यामुळे लागणारे जादा तास ग्राहकाच्या बिलात घालू नका, पण मनाने तुमचा दरही निम्मा करू नका.

पहिलं काम नोकरीचं घ्या, घरबसल्या नको. शेजारी बसून विचारता येतं आणि चूक वेळेत सापडते. करसल्लागारांकडे महिन्याच्या ८ ते २० तारखांना हात कमी पडतात. 'या तेरा दिवसांत रोज चार तास येते' असं सांगून दोन महिने काढा. घरीही तेवढंच मागा: सासूबाईंचं दुपारचं औषध आणि जेवण कोण पाहील, मुलीला शाळेतून कोण आणेल, हे तारखांसकट ठरवा. 'मला वेळ द्या' म्हटलं की कुणी देत नाही, '८ ते २०, दुपारी एक ते पाच' म्हटलं की बोलणं पुढे सरकतं.

बायोडेटात '२०१४ ते आजपर्यंत: कौटुंबिक जबाबदारी' ही एकच ओळ लिहा. 'होम मॅनेजर' वगैरे बिरुदं लावू नका, वाचणारा ते गंभीरपणे घेत नाही. त्याखाली सरावात केलेलं काम लिहा: किती बिलं, कोणती विवरणं जुळवली.

बी.कॉम.वर जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने विवरणं भरणारी व्यक्ती, म्हणूनही नाव नोंदवता येतं. PCT-01 अर्ज करून नोंदणी होते आणि दोन वर्षांच्या आत परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. ते वर्षभराने पाहा. तोपर्यंत एक पथ्य पाळा: व्यापाऱ्याचा पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवायचा नाही. विवरण तयार करून द्यायचं, बेरजा कागदावर दाखवायच्या, मालकाची सही घ्यायची, आणि पाठवण्याचं बटण त्यालाच दाबू द्यायचं.