करंट-फीडबॅक ऑप-अँपचा गेन वाढवला तरी बँडविड्थ फारशी का कमी होत नाही? आणि फीडबॅक रेझिस्टर किती घ्यायचा?

यावरून जुन्या ऑफिसातले एक साहेब आठवले. त्यांचं ठाम मत, ऑप-अँप कुठलाही घे, गेन दहापट म्हणजे बँडविड्थ एक दशांश. AD844 या करंट-फीडबॅक ऑप-अँपचा बोर्ड होता, गेन १०, आणि त्यांनी Rf १० के आणि Rg १.१ के लावलेले, करंट कमी खातो म्हणून. स्वीप केला तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या आतच आउटपुट ३ डीबी खाली. साहेब खूश, "बघ, तीस-पस्तीस भागिले दहा!"

जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही रेझिस्टर काढून १ के आणि ११० ओहम लावले. गुणोत्तर तेच, गेन तोच, बँडविड्थ २३ च्या आसपास. साहेब म्हणाले, प्रोब नीट लाव.

तर भानगड अशी की यात मायनस पिन म्हणजे प्लस पिनच्या मागे लावलेल्या बफरचं आउटपुट आहे, साध्या ऑप-अँपसारखं हाय इम्पिडन्स इनपुट नाही. त्या पिनमधून जो एरर करंट जातो तोच आत मिरर होऊन एका छोट्या कपॅसिटरवर पडतो. आउटपुटकडून परत येणारा करंट फक्त Rf ठरवतो, Rg त्यात वाटणी मागत नाही, म्हणून लूपला गेनचा पत्ताच लागत नाही. पण बफर काही आदर्श नसतो, त्याचा थोडा रेझिस्टन्स Rb असतो, म्हणून

`BW ≈ 1 / (2π·C·(Rf + G·Rb))`

AD844 ला C ४.५ पिकोफॅरड, Rb ५० ओहम. Rf १ के ठेवून गेन २ ला ३२ मेगाहर्ट्झ येतात, गेन १० ला कंसात दीड के होतो म्हणून २४. साध्या ऑप-अँपला पाचपट गेनमध्ये ३२ चे साडेसहा झाले असते. आता साहेबांचे १० के टाकून बघा, ३.४ येतात. बँडविड्थ गेनने नाही, त्यांच्या रेझिस्टरने खाल्ली होती!

म्हणून Rf आधी, डेटाशीटमधून, मग गेनसाठी Rg. गेन १० ला ३२ च हवेत तर Rf ६०० करा, Rg साधारण ६७ ओहम, कंस परत ११०० झाला. हे फार ताणता येत नाही, गेन वीसच्या पुढे गेला की G·Rb च सगळं खातो आणि मग हाही साध्या ऑप-अँपसारखाच वागायला लागतो. Rf उगाच कमी केला तर स्क्वेअर वेव्हच्या कडेला रिंगिंग दिसेल, आणखी कमी केला तर ऑसिलेशन, म्हणून बफर करतानाही नुसती वायर नको, Rf पाहिजेच.

हो, आणि Rf वर कपॅसिटर लावायचा नाही. साहेबांनी "सेफ्टीसाठी" १० पीएफ लावायला लावला होता, वरच्या फ्रिक्वेन्सीला तो Rf शॉर्ट केल्यासारखाच, सिग्नल न देताही स्कोपवर जाडजूड पट्टा. शेवटी बोर्ड १ के वरच गेला, ड्रॉइंगवर बदल सुचवणारा म्हणून सही मात्र साहेबांची.