एकाच निबंधातले दोन ‘dh’

“माझा निबंध नामस्मरण आणि सूफी झिक्र यांच्या तुलनेवर आहे. कुठे टिंब द्यायचे, कुठे रेघ, हेच कळत नाही. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला गेलाय आणि तो दुरुस्त करत बसले की पुढचे लिखाण थांबते.”

गोव्यात धर्मअभ्यासाचे निबंध इंग्रजीतून लिहिताना संस्कृत-अरबी शब्द रोमन लिपीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे गाऱ्हाणे मी वारंवार ऐकते. फोंड्याच्या या विद्यार्थिनीच्या पानांवर dhikr, zikr आणि zikar अशी तिन्ही रूपे होती.

“यातले चूक कोणते?” मी विचारले.

“तिन्ही पुस्तकांत सापडतात, मॅडम.”

ते खरेच होते, कारण dhikr हे अरबी अक्षरांवरून येते, तर zikr हे फारसी-उर्दू उच्चारावरून. मग मी तिला dhikr आणि dhyāna मोठ्याने वाचायला सांगितले. तिने दोन्हीकडे ‘ध’ म्हटला. मी कागदावर शेजारी शेजारी ذ आणि ध लिहिले. पहिल्याचा अरबी उच्चार जिभेचे टोक दातांना लावून, इंग्रजी ‘this’च्या सुरुवातीसारखा होतो, दुसरा आपला महाप्राण ध. ती बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिली.

“म्हणजे चिन्ह एकच, पण पद्धती दोन?”

तिची गाठ इथे सुटली. Kṛṣṇa मधला ṣ म्हणजे ष, ṣalāt मधला ṣ म्हणजे ص. Duḥkha मधला ḥ विसर्ग आहे, ḥajj मधला ح. ती आजवर साऱ्या निबंधाला एकच नियम शोधत होती आणि तो मिळत नसल्याने प्रत्येक शब्दापाशी अडत होती. सुसंगती भाषेगणिक पाळायची असते: संस्कृतला IAST ही रोमन लेखनपद्धती, अरबीला IJMES या संशोधन नियतकालिकाची पद्धती, आणि हे पहिल्याच टिपेत एका वाक्यात सांगून टाकायचे. अशी भीती बहुधा चिन्हांची नसते, तर न घेतलेल्या निर्णयाची असते, हे माझे मत अशा प्रत्येक विद्यार्थ्यागणिक पक्के होत गेले आहे.

पुढे आम्ही शब्दांचा तक्ता केला: मूळ लिपीतला शब्द, त्याची भाषा, ठरवलेले रूप. नामस्मरणापाशी ती पुन्हा थांबली. तिची उदाहरणे तुकारामांच्या अभंगांतली असल्याने तिने संस्कृत nāmasmaraṇa ऐवजी मराठी उच्चाराचे nāmasmaraṇ निवडले आणि ते शेवटपर्यंत पाळले. फोंडा, पणजी अशा गावांच्या नावांना चिन्हे लावली नाहीत. दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना मात्र त्याचेच लेखन जसेच्या तसे ठेवायचे ठरले.

एक तांत्रिक गोष्ट राहते. ṣ हे अक्षर संगणकात एकसंध असू शकते किंवा s आणि खालचे टिंब अशा दोन तुकड्यांचेही. दिसायला दोन्ही सारखीच, पण काही प्रोग्रामांच्या शोधात एक सापडते आणि दुसरे निसटते. म्हणून शब्द दर वेळी तक्त्यातूनच उचलायचा. तिने तसे केले आणि शेवटच्या मसुद्यात zikr शोधले, तेव्हा ते फक्त अवतरणांमध्ये सापडले.