बोलक्या उत्तरात ‘चार्जर’ कसा लिहावा

मराठीत च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत: चाकातला च वेगळा, चहातला वेगळा, जागेतला ज वेगळा, जीवातला वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही. म्हणून शब्द उच्चारकोशात नसला की मजकूर बोलून दाखवणारं इंजिन अंदाज करतं आणि ‘चार्जर’मधला च चाकासारखा, ‘जॉब’मधला ज जागेसारखा निघू शकतो. उपाय सोपा आहे: आवाजासाठीच्या मजकुरात य जोडा, ‘च्यार्जर’, ‘ज्यॉब’. दिसायला विचित्र, म्हणून हे पडद्यावर दाखवू नका. इंजिन एसएसएमएल, म्हणजे उच्चार सांगणाऱ्या खुणांची भाषा, घेत असेल तर दोन्ही रूपं एकत्र ठेवता येतात:

```
<sub alias="ज्यॉब">जॉब</sub> पूर्ण झाला.
```

इ, ई, ए पुढे असेल तर सहसा काही करावं लागत नाही. ‘चिप’, ‘जीपीएस’ नीट येतात. रोमन अक्षरांना मराठी प्रत्यय मात्र चिकटवू नका. ‘JSONमध्ये’ लिहिलं की शब्दाच्या मधोमध लिपी बदलते आणि तिथे आवाज अडखळू शकतो. ‘जेसनमध्ये’ लिहा. शेवटी वाक्य वाचून नव्हे, ऐकून तपासा, तेही ज्या आवाजात ते वापरणार त्याच आवाजात; आवाज बदलला की अंदाजही बदलतात.