आकडा बरोबर, खोली चूक

थर्मोस्टॅटवरचा आकडा ठीक, पण अंग म्हणतं चूक. ही तक्रार थंडीत येते तशीच उन्हाळ्यातही येते आणि दर वेळी बिचाऱ्या यंत्राच्या डोक्यावर फुटते. म्हणून या खेपेला तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं देते.

प्रश्न : थर्मोस्टॅट २१ दाखवतो, तरी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलं की मी काकडतो. थर्मोस्टॅट बिघडलाय का? हीटरवाला म्हणतो, मोठा हीटर घ्या.

थर्मोस्टॅट बहुधा ठीक असेल. तो हवा मोजतो, आणि तीही तो जिथे बसवलाय तिथली. तुमच्या अंगातली उष्णता मात्र मुख्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट हवेतून जाते, दुसरी प्रारणातून. भिंत, काच, छत, फरशी असं जे जे अंगाला ‘दिसतं’, त्याच्याशी अंगाची थेट देवघेव चालते, मधल्या हवेला न विचारता. हवा स्थिर असेल आणि माणूस नुसता बसलेला असेल, तर ही दुसरी वाट पहिलीपेक्षा कमी नसते, थोडी जास्तच असते.

भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान काढताना, अंगासमोर ज्याने जितकी जागा व्यापली असेल तितकं त्याला वजन द्यायचं. ती सरासरी म्हणजे मीन रेडियंट टेम्परेचर, आमच्या बोलण्यात एमआरटी. वारा नसेल तर हवेचं तापमान आणि एमआरटी यांची साधी सरासरी घ्या, अंगाला काय जाणवतं त्याचा अंदाज येतो.

तुमचं टेबल घेऊ. बाहेर ० अंश, आत हवा २१. एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग अशा वेळी साधारण ६ अंशांवर असतो आणि इन्शुलेशन नसलेली बाहेरची भिंत १४ च्या आसपास. बाकीची खोली २० धरा. टेबलाशी बसल्यावर तुमच्या भोवतालाचा पाचवा हिस्सा काच, पाचवा हिस्सा ती भिंत आणि उरलेले तीन हिस्से बाकीची खोली. हिशेब करा, एमआरटी आला १६. जाणवलं १८.५. थर्मोस्टॅट २१ म्हणतो तेही खरं आणि तुम्ही काकडता तेही खरं.

आता मोठा हीटर. नुसत्या हवेच्या जोरावर तुमच्या अंगाला २१ जाणवायला हवेत तर हवा २६ च्या जवळ न्यावी लागेल. भिंती थोड्या तापतील म्हणून आकडा जरा खाली येईल, पण काच थंडच राहणार. डोकं गरगरेल, नाक कोरडं पडेल, खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस खिडकी उघडेल आणि बिल वाढेल. हीटर विकणारा हीटरच सुचवणार. त्याला काचेचं तापमान विचारून पाहा.

टेबल खोलीच्या मध्यावर सरकवा. काचेचा वाटा विसावा आणि भिंतीचा दहावा झाला, तर एमआरटी जवळजवळ १९ होतो आणि जाणवतं सुमारे २०. एक रुपयाही न घालता दीड अंशाच्या आसपास कमाई झाली. काच दुहेरी केली तर तिचा आतला पृष्ठभाग १३ पर्यंत जातो आणि टेबल जागचं न हलवता जाणवणारं तापमान १९ च्या थोडं वर जातं. भिंतीला इन्शुलेशन केलं की आणखी थोडं. हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमची भिंत कशाची, काच कोणती, हे पाहिल्याशिवाय खर्च करू नका. इमारतीची उष्णता तपासणाऱ्या अभियंत्याला आधी बोलवा, कंत्राटदाराला नंतर.

प्रश्न : सगळ्या फटी बुजवल्या, तरी खिडकीतून गार वारा लागतोच.

पातळ कागदाची पट्टी गालाजवळ धरा. पट्टी स्थिर आणि गाल गार, म्हणजे वारा नाही. गालाची उष्णता काचेकडे जातेय आणि मेंदू तिला वारा समजतोय. पट्टी घोट्याजवळ हलली तर काचेला टेकून गार झालेली हवा खाली घसरून जमिनीवर पसरतेय. फटींचा दोष दोन्हीत नाही. आणखी सिलिकॉन आणू नका.

प्रश्न : एसी २४ वर, हवा खरंच २४. तरी दुपारी खिडकीजवळ भाजतं. आतून जाड पडदे लावले, फरक थोडाच.

ऊन थेट अंगावर पडलं की तेवढ्यानं एमआरटी सुमारे दहा अंशांनी वर गेल्यासारखं होतं, हवा मात्र २४ च राहते. पडद्यानं थेट ऊन अडतं, हे खरं. पण ते ऊन काचेतून आत येऊन पडद्यात मुरलेलं असतं. मग तापलेला पडदाच तुमच्याकडे प्रारण सोडतो, शिवाय तापलेली काच आहेच. ऊन काचेबाहेर अडवायला हवं: बाहेरची झडप, छज्जा, बाहेरून लावलेली जाळी. तोवर खुर्ची सरकवा. घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल आणि पलंग त्या खिडकीशी असेल तर आजच हलवा, आणि त्याच्या तब्येतीबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नको.

प्रश्न : एमआरटी दाखवणारं सेटिंग थर्मोस्टॅटमध्ये असतं का?

साध्या थर्मोस्टॅटमध्ये नाही.

प्रश्न : विक्रेत्यानं इन्फ्रारेड बंदुकीनं खिडकीची चौकट मोजून दाखवली, २० अंश. म्हणजे खिडकी उत्तमच ना?

चौकट चकचकीत धातूची होती का? असेल तर बंदुकीनं चौकट नाही, चौकटीत परावर्तित होणारी खोली मोजली. कदाचित विक्रेताच मोजला गेला असेल. त्याच धातूवर कागदी चिकटपट्टी लावा, तिचं तापमान चौकटीइतकं होईपर्यंत थांबा आणि मग पट्टीवर मोजा, खरा आकडा मिळेल. काचेवर ही बंदूक बऱ्यापैकी चालते, फक्त तिच्यातून पलीकडचं मोजत नाही. उन्हाबद्दल मात्र ती काही सांगत नाही, कारण ती ज्या लहरी मोजते त्यांत उन्हाचा मोठा भाग येतच नाही. एमआरटी मोजायची जुनी पद्धत काळ्या गोळ्याची आहे. १५० मिलिमीटर व्यासाचा, काळा रंग दिलेला, पातळ तांब्याचा पोकळ गोळा आणि त्याच्या मध्यात थर्मामीटर. तो स्थिर व्हायला वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आकडा वाचून निघून जाणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे काळे डाग पडलेत. सध्या पुसून घेतो, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी डाग मोठे असतील. २१ अंशांच्या हवेत आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे १३–१४ अंशांच्या पृष्ठभागाजवळ तीच आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि तिथे बुरशीला मोकळं रान मिळतं. १० अंशांच्या खाली तर पाणीच धरतं. कपाटामागे खोलीची ऊब पोहोचत नाही, म्हणून तो भाग उघड्या भिंतीपेक्षाही थंड असतो, कोपराही तसाच. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ बाहेर सोडा. बुरशीरोधक रंगानं डाग झाकला जातो, भिंत गरम होत नाही. आणि इन्शुलेशन आतून लावायचं तर तज्ज्ञाचा नकाशा हातात असल्याशिवाय नको. चुकीचं लावलं तर पाणी त्याच्यामागे, न दिसणाऱ्या जागी धरतं. घरात कुणाला दमा असेल तर हा आठवडा संपायच्या आत ती भिंत कुणा तज्ज्ञाला दाखवा.