इंटरव्ह्यू चांगला झाला, पण पैशाचं बोलणंच झालं नाही

"ताई, मी फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर आहे. परवा एका कंपनीत तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट रोलसाठी इंटरव्ह्यू झाला. बोलणं मस्त झालं, पण नेमकं काम किती, द्यायचं काय आणि पैसे कधी मिळणार हे कुणी काढलंच नाही आणि मलाही विचारायला जड गेलं. आता थँक्यूचा मेल टाकायचाय. त्यातच हे विचारलं तर 'अजून घेतलं नाही आणि पैशाचं बोलतोय' असं वाटून हातचं काम जाईल का?"

त्याच मेलमध्ये विचार. ज्याने तुझा इंटरव्ह्यू घेतला त्याच्या डोक्यात काम आत्ता ताजं आहे आणि कागद अजून बनलेला नाही. एकदा का ऑफर लेटर किंवा पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, लीगल आणि अकाउंट्सकडून फिरून आला की त्यातली एक ओळ बदलायची म्हणजे पुन्हा दोन-तीन जणांना गाठायचं, मग तोच माणूस म्हणतो की आत्ता सही करून टाका, पुढचं पुढे बघू. आणि ते पुढचं पुढे कधीच बघितलं जात नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

नाशिकची एक मुलगी याच प्रश्नासाठी माझ्याकडे आली होती. ॲप डिझाइन करते, पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टसाठी इंटरव्ह्यू झालेला. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) तिने मेलचा ड्राफ्ट दाखवला, त्यात थँक्यूच्या खाली आठ प्रश्न. किती स्क्रीन आहेत? किती वेळा बदल करावे लागतील? पेमेंट कधी? ॲडव्हान्स मिळेल का? प्रश्न सगळे बरोबर होते पण असा मेल आला की समोरचा मॅनेजर तो 'निवांत बघू' म्हणून बाजूला ठेवतो, कारण प्रत्येकाचं उत्तर त्याला स्वतः विचार करून लिहावं लागतं.

मी तिला आधी एकच गोष्ट विचारली, की ते तुला महिन्याने घेतायत का कामाने? तिला सांगता येईना. इंटरव्ह्यूमध्ये एक जण म्हणाला होता, "ॲप दहा आठवड्यांत नवीन करायचंय" आणि दुसरी म्हणाली होती, "सकाळच्या मीटिंगला रोज असावं लागेल, दहा ते सात ऑनलाइन." यातली खरी अडचण अशी की कंपनीची माणसं कॉन्ट्रॅक्ट रोल म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा महिन्याच्या पगारासारखा माणूस असतो आणि फ्रीलान्सरच्या मनात असतो एक प्रोजेक्ट. दोन्ही पद्धती चालतात. महिन्याने असेल तर तुझा वेळ विकला जातोय, मग तास, सुट्ट्या आणि दर महिन्याचं इन्व्हॉइस एवढं ठरलं की झालं, काम कमी-जास्त झालं तरी पैसे तेच. कामाने असेल तर काय द्यायचं ते मोजून ठरवायचं आणि तू कधी बसतोस हा तुझा प्रश्न. वाईट आहे ती सरमिसळ, म्हणजे हजेरी महिन्यासारखी आणि पैसे मात्र 'काम पूर्ण झाल्यावर'. सहीच्या आधी तपासायची पहिली गोष्ट हीच, कारण यात दोन्हीकडचा तोटा तुझ्याच वाट्याला येतो.

मग आम्ही मेल नव्याने लिहिला. प्रश्न काढून टाकले आणि त्या जागी 'मला जे समजलं ते असं' या पद्धतीने लिहिलं. माणसाला कोऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कंटाळा येतो, पण चुकीचं लिहिलेलं दिसलं की तो लगेच दुरुस्त करतो. मेल गेला मॅनेजरला, एचआरला सीसी, जुन्याच थ्रेडवर, कारण स्कोपचं उत्तर मॅनेजरकडे असतं आणि पेमेंटचं एचआर किंवा अकाउंट्सकडे. तिने इंग्रजीत पाठवला, मजकूर साधारण असा:

"कालच्या बोलण्याबद्दल आभार. ॲपच्या चेकआउटमध्ये लोक कुठे अडकतात ते तुम्ही दाखवलंत, तिथूनच सुरुवात करावी असं मलाही वाटतं. पुढे जाताना घोळ नको म्हणून मला समजलेलं काम लिहिते आहे, कुठे चूक असेल तर सांगा. दहा आठवड्यांत 14 स्क्रीन, आधी कच्चे आराखडे, मग अंतिम डिझाइन आणि डेव्हलपर टीमसाठी फिग्मा फाइल. प्रत्येक टप्प्यावर बदलांच्या दोन फेऱ्या, एका फेरीतल्या सगळ्यांच्या सूचना एकत्र, एकाच व्यक्तीकडून. आयकॉन, जाहिरातींची डिझाइन्स आणि लाँचनंतरचे बदल यात धरलेले नाहीत, लागले तर वेगळं कोटेशन देईन. हे काम मी कामाच्या हिशोबाने धरते आहे, रोजच्या मीटिंगऐवजी आठवड्यातून दोनदा भेटू. एकूण फी 1,80,000 रुपये, 30 टक्के सुरुवातीला, 40 टक्के मुख्य स्क्रीन झाल्यावर, 30 टक्के शेवटी. इन्व्हॉइस दिल्यापासून 15 दिवसांत पेमेंट. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल तर कळवा."

यात 'धरलेले नाहीत' ही ओळ लिहिताना तिला खूप संकोच वाटत होता, नकार दिल्यासारखं वाटतं म्हणाली. मी ती काढू दिली नाही. इंटरव्ह्यूमध्ये कुणीतरी सहज म्हणून गेलं होतं की लाँचच्या वेळी सोशल मीडियाचं थोडंफार बघशीलच, आणि असं 'थोडंफार' लिहिलं गेलं नाही की ते दहाव्या आठवड्यात फुकटात करावं लागतं. एकत्र सूचनांचंही तसंच. दोन फेऱ्या एवढंच लिहिलं तर मॅनेजर सोमवारी बदल देतो, मार्केटिंगवाली बुधवारी, डायरेक्टर शुक्रवारी त्याच्या बरोबर उलटं, आणि सगळे म्हणतात ही एकच फेरी आहे.

दोन दिवसांनी एचआरचं उत्तर आलं. स्कोप मान्य, रोजच्या मीटिंगचा आग्रह मॅनेजरनेच सोडला. पण नवीन व्हेंडरला ॲडव्हान्स देत नाही आणि पेमेंट 'अंतिम मंजुरीनंतर 45 दिवसांत'. तिचा फोन आला, ॲडव्हान्स गेला म्हणून हिरमुसली होती. मला 45 दिवसांपेक्षा त्याच्या आधीचा शब्द खुपत होता. मंजुरी कोण देणार आणि कधी? लिहिलेलंच नाही. मॅनेजर सुट्टीवर गेला, नोकरी सोडून गेला, किंवा प्रोजेक्ट थंड पडला तर मंजुरीच येत नाही, मग ते 45 दिवस मोजायला सुरुवातच होत नाही आणि अकाउंट्सवाले अगदी खरं सांगतात की आमच्याकडे काही पेंडिंग नाही. दिवस किती हे सगळे विचारतात, ते कधीपासून मोजायचे हे फार कमी जण विचारतात.

म्हणून दुसरा मेल छोटा लिहिला. ॲडव्हान्सचा हट्ट सोडला आणि त्याच्या बदल्यात पहिला टप्पा लहान आणि लवकरचा मागितला. दोन आठवड्यांत पहिल्या चार स्क्रीनचे आराखडे, त्यावर 20 टक्के म्हणजे 36,000, मधल्या टप्प्याला 50 टक्के म्हणजे 90,000 आणि शेवटी उरलेले 54,000. कंपनीचा नियम मोडला नाही आणि तिचं अडकू शकणारं काम दोन आठवड्यांपुरतंच राहिलं. सोबत दोन ओळी टाकल्या: काम दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत लेखी बदल आले नाहीत तर तो टप्पा मंजूर धरून इन्व्हॉइस देईन, आणि कंपनीने काम मध्येच थांबवलं तर तोपर्यंतच्या कामाचे पैसे त्या टप्प्याच्या प्रमाणात मिळतील. पेमेंटच्या 45 दिवसांऐवजी तिने 30 मागितले. एचआरने एक फोन केला, मंजुरीचे सात दिवस दहा करून घेतले आणि बाकी सगळं मान्य केलं. फोन ठेवल्या ठेवल्या तिने 'आत्ता बोलल्याप्रमाणे' म्हणून चार ओळींचा मेल टाकला, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, फोनवरचं कबूल झालेलं अकाउंट्सपर्यंत पोचत नाही.

पहिल्या बिलाचे 32,400 आले तेव्हा ती दचकली नाही, कारण प्रोफेशनल फीवर 10 टक्के टीडीएस कापला जातो हे आधीच बोललो होतो, ते 3,600 तिच्या पॅनवरच्या टॅक्सच्या नोंदीत दिसतात आणि रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात. दुसरं बिल मात्र परत आलं, त्यावर पीओ नंबर नव्हता. त्यामुळे कुणाच्या नावाने बिल, कुठल्या मेलवर, पीओ नंबर लागतो का, हेही काम सुरू व्हायच्या आधीच विचारून घे.

आता कायद्याचं थोडं. 2006 च्या एमएसएमई कायद्यात करारात काहीही लिहिलं असलं तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांच्या वर लांबवता येत नाही, आणि काम घेतल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारलं असंच धरतात. लांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. फ्रीलान्सरलाही सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करता येते, udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅन देऊन, फुकटात, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी काम घ्यायच्या आधीची असू दे, नंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलांचा दावा केला तर कंपनी नेमका तिथेच वाद घालते. पण तक्रारीला वेळ लागतो आणि ती केल्यावर त्या कंपनीचं पुढचं काम बहुतेक संपतं, म्हणून ती शेवटची पायरी. नोंदणीचा नंबर इन्व्हॉइसवर छापलेला असला की अकाउंट्सवाले तारखेकडे लक्ष देतात, रोजच्या व्यवहारात मला तो उपयोग जास्त मोठा वाटतो. वेळेत पैसे दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकले तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही, 2024 पासून हे लागू आहे आणि त्यांच्या सीएला ते नीट माहीत असतं.

तुझ्या एडिटिंगच्या कामात स्क्रीनच्या जागी काय मोजायचं ते सांगते. महिन्याला किती व्हिडिओ, प्रत्येक साधारण किती मिनिटांचा, कच्चं फुटेज किती तासांचं येणार (दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी एक तासाचं फुटेज आणि सहा तासांचं फुटेज यात तुझ्या दोन दिवसांचा फरक पडतो), आडव्याबरोबर उभी रील पण हवी का, सबटायटल कोण टाइप करणार, म्युझिकच्या लायसन्सचे पैसे कुणाचे. आणि प्रोजेक्ट फाइल द्यायची का, हे नक्की लिही, द्यायची असेल तर शेवटचं पेमेंट झाल्यावर. एडिट लॉक झाल्यावर केलेला बदल ही नवीन फेरी, हेही त्यातच घाल.

मेल उद्या सकाळी जाऊ दे. चार कामाचे दिवस उत्तर नाही आलं तर त्याच थ्रेडवर एक ओळ टाक की माझ्या तारखा अडकवायच्या आहेत, वर लिहिलेलं बरोबर आहे का तेवढं कळवा. फोन आला आणि "ते सगळं होईल हो, तुम्ही सोमवारपासून सुरू तर करा" असं म्हणाले तर हो म्हण, सोमवारी सुरू करतो, फक्त त्या मेलला 'ओके' एवढा रिप्लाय पाठवा. तो रिप्लाय येईपर्यंत फुटेज डाउनलोड करू नकोस.